दुकानात मोठ्यानं उच्चारायचं नाव

ठाण्यात रिक्षात बसून 'कॅडबरी' म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. पोखरण रोडच्या तोंडाशी चॉकलेटचा कारखाना उभा राहिला आणि चौकाला त्याचंच नाव पडलं. कॅडबरी भारतात 1948 साली आली. घराघरांतल्या मुलांसाठी तर कुठलंही चॉकलेट 'कॅडबरी'च झालं. पण 2014 साली कंपनीनं कागदोपत्री हे नाव सोडलं, आणि कॅडबरी इंडियाची मोंडेलीज इंडिया फूड्स झाली. चौकाचं नाव कुणी बदललं नाही. या नव्या नावामागं एक गोष्ट आहे. परदेशात नावं का फसतात हे मला तिच्यातून जितकं समजलं तितकं दुसऱ्या कशातून समजलं नाही.

अमेरिकेतल्या क्राफ्ट फूड्सनं 2010 साली कॅडबरी विकत घेतली. पुढच्याच वर्षी क्राफ्टनं स्वतःचे दोन भाग करायचं ठरवलं आणि चॉकलेट-बिस्किटांच्या जगभरच्या धंद्याला नवं नाव हवं झालं. सुचवायला कर्मचाऱ्यांनाच सांगितलं, तेव्हा हजारावर लोकांनी सतराशेहून अधिक नावं पाठवली. दोघांच्या सूचना जोडून 'मोंडेलीज' हे नाव तयार झालं. पहिल्या भागात जग, दुसऱ्यात स्वादाची चाहूल. मार्च 2012 मध्ये ते जाहीर झालं आणि त्याच महिन्यात शिकागोतल्या एका व्यापारी साप्ताहिकानं छापलं, की रशियन कानाला हे नाव फार वेगळं ऐकू येतं. त्याचा पहिला तुकडा स्त्रीच्या अवयवासाठीच्या शिवराळ शब्दासारखा वाजतो, दुसरा 'चाटणं' या क्रियापदासारखा. दोन्ही जोडून जे होतं ते इथं छापता येणार नाही.

कंपनी बेसावध होती असं मात्र नाही. तिचं उत्तर असं होतं, की 28 भाषांमध्ये लोकांचे गट बसवून दोन फेऱ्यांत नावाची तपासणी केली आहे, त्यात रशियनही आहे, आणि गैरसमजाचा धोका कमी वाटतो. मे महिन्यात भागधारकांनी नावाला मंजुरी दिली, ऑक्टोबरपासून कंपनी त्याच नावानं चालू लागली. आज इतक्या वर्षांनी ती रशियातही धंदा करते. म्हणजे नाव अश्लील वाजलं आणि तरी फसलं नाही.

याचं कारण दुकानाच्या गल्ल्यापाशी सापडतं. रशियातलं गिऱ्हाईक 'आल्पेन गोल्ड' मागतं, आपल्याकडचं 'डेअरी मिल्क' किंवा 'जेम्स' मागतं. मोंडेलीज हे नाव वेष्टनाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, पत्त्याच्या ओळीत असतं. ते कुणाला दुकानदारासमोर तोंडानं उच्चारावं लागत नाही. नावातला खट्याळ अर्थ खरा त्रास देतो तो बोलताना. चार माणसांत, अनोळखी दुकानदाराकडं, आई शेजारी उभी असताना तो शब्द मागायचा म्हटलं की जीभ अडते. मग माणूस दुसरंच काही घेऊन बाहेर पडतो. त्याला वस्तू आवडली नव्हती असं नाही, फक्त मागायची लाज वाटली.

म्हणून मागून घ्यायच्या वस्तूंची नावं कंपन्या निमूट बदलतात. जपानमध्ये 'कॅल्पिस' नावाचं दुधाच्या चवीचं पेय आहे. इंग्रजी कानाला त्यात गाईचं मूत्र ऐकू येतं, त्यामुळं अमेरिकेत ते 'कॅल्पिको' म्हणून विकतात. ह्युंदाईची 'कोना' गाडी आपल्याकडं 2019 साली त्याच नावानं आली, पण पोर्तुगालमध्ये तिचं नाव 'कवाई' आहे, कारण पोर्तुगीजमध्ये जवळपास तसाच उच्चार असलेला शब्द शिवी आहे. आपल्याला ओळखीची मित्सुबिशीची 'पाजेरो' स्पॅनिश देशांत 'मोंतेरो' या नावानं फिरते, तेही अशाच कारणानं. गाडीचं नाव तर रोज सांगावं लागतं, गॅरेजमध्ये, विम्याच्या कागदावर, शेजाऱ्यांना.

दुसरी बाब आघाताची. शब्दातला जोर कुठल्या अक्षरावर पडतो यावर ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं हे ठरतं. शेवर्लेच्या 'नोव्हा' गाडीची दंतकथा व्यवस्थापनाच्या वर्गांत अजून सांगतात: स्पॅनिशमध्ये 'नो व्हा' म्हणजे 'चालत नाही', म्हणून ती लॅटिन अमेरिकेत खपलीच नाही. हे खोटं आहे. मेक्सिकोत आणि व्हेनेझुएलात गाडी चांगली खपली. 'नोव्हा'चा जोर पहिल्या अक्षरावर आणि 'नो व्हा'चा दुसऱ्यावर, त्यामुळं स्पॅनिश बोलणाऱ्याला ते दोन वेगळे आवाज वाटतात. मेक्सिकोची सरकारी तेल कंपनी तर 'नोव्हा' नावाचं पेट्रोल विकत होती. कागदावरची अक्षरं जुळली म्हणजे कानही दचकतो असं नाही. मोंडेलीजचं नेमकं उलटं झालं. कंपनीनं स्वतः ठरवलेला उच्चार शेवटच्या भागावर जोर देणारा आहे, आणि रशियन कानाला नको ते तिथंच ऐकू येतं.

तरीही मला तो निर्णय पुरता पटत नाही. गिऱ्हाईक सुटलं, पण कर्मचारी अडकले. मॉस्कोच्या कचेरीत फोन उचलून कंपनीचं नाव सांगणारी मुलगी, दुकानदारांकडं फिरणारा विक्रेता, घरी नवी नोकरी कुठं लागली ते सांगणारा तरुण यांना ते रोज उच्चारावं लागतं. धोका कमी म्हणताना मोजमाप विक्रीचं असावं. माझ्या मते या माणसांचा संकोच त्या हिशेबात पहिल्या ओळीत यायला हवा.

कधी कधी तपासणीत काहीच सापडत नाही आणि तरी नाव हातातून जातं. टाटा मोटर्सनं छोट्या गाडीचं नाव 'झिका' ठेवलं, 'झिप्पी कार'वरून. आपल्याकडं त्यात काही वावगं नव्हतं. पण गाडी बाजारात येण्याच्या तोंडावर ब्राझीलमध्ये झिका विषाणूची साथ पसरली आणि 1 फेब्रुवारी 2016 रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी टाटांनी नाव बदलणार असल्याचं सांगितलं. लोकांकडून नावं मागवली आणि त्याच महिन्यात 'टियागो' ठरलं. गाडी विक्रीला आली नव्हती, त्यामुळं हे निभावलं. गाड्या रस्त्यावर असत्या तर प्रत्येक मालकाच्या मागच्या काचेखाली आजाराचं नाव राहिलं असतं.

डोंबिवली-कल्याणमधून मसाले, लोणची, सौंदर्यप्रसाधनं बाहेर पाठवणारे छोटे उद्योजक आहेत. त्यांच्याकडं 28 भाषांचे गट बसवायला पैसे नसतात, आणि त्याची गरजही नाही. गुजराती, सिंधी, तमिळ, मल्याळम ऐकणारे कान तर आपल्याच सोसायटीत मिळतात. परदेशासाठी मात्र त्या देशातच वाढलेली माणसं हवीत, चाळीस वर्षांपूर्वी तिथं शिकून आलेली चालणार नाहीत, कारण शिवराळ बोली पिढीगणिक बदलते. एक तरुण, एक मध्यमवयीन, एक म्हातारं माणूस, आणि शक्य तर दोन वेगळ्या प्रांतांतली. 'या नावात काही वाईट आहे का' असं विचारू नये. भिडस्त माणूस नाही म्हणतो. पाकीट न दाखवता नाव फक्त ऐकवावं आणि जे ऐकलं ते त्यांच्या लिपीत लिहायला सांगावं. मग दुकानात जाऊन ती वस्तू मागतोय असं समजून पूर्ण वाक्य मोठ्यानं बोलायला लावावं. बोलताना कुणी अडखळलं, हसू दाबलं किंवा शेजारच्याकडं पाहिलं, तर पाकिटं छापायला देऊ नयेत.