लेबलावरील आकडा आणि पोटात जाणारे कॅल्शियम

काही दिवसांपूर्वी ५८ वर्षांच्या एक भगिनी कंबरदुखीसाठी आमच्याकडे आल्या. गेले वर्षभर त्या कॅल्शियमची एक गोळी नियमाने घेत होत्या. डबीवर ठळक अक्षरांत 'कॅल्शियम सायट्रेट १००० मि.ग्रॅ.' असे लिहिलेले असल्याने दिवसाची गरज भागली, असा त्यांचा समज होता. आम्ही डबी फिरवून मागची बारीक अक्षरे वाचली. तेथे 'प्रति मात्रा : दोन गोळ्या' असे होते.

१००० मि.ग्रॅ. हे वजन क्षाराचे आहे, कॅल्शियमचे नव्हे. सायट्रेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम सुमारे २१ टक्के, तर कार्बोनेटमध्ये ४० टक्के असते. म्हणजे दोन गोळ्यांतून २१० मि.ग्रॅ. आणि बाईंच्या एका गोळीतून जेमतेम १०५ मि.ग्रॅ. कॅल्शियम मिळत होते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीला दररोज १२०० मि.ग्रॅ. कॅल्शियम लागते, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये सांगितले आहे. दूध, नाचणी व भाजीतून त्यांना सुमारे ७०० मिळत असावे. उणीव ५०० ची होती.

मग कार्बोनेटची १२५० मि.ग्रॅ.ची गोळी, जिच्यात ५०० मि.ग्रॅ. कॅल्शियम असते, ती का देऊ नये? बाई रोज ओमेप्राझोल घेत होत्या. कार्बोनेट विरघळण्यास जठरातील अम्ल लागते; म्हणून ते जेवणासोबत द्यावे आणि अम्लस्राव रोखलेल्या रुग्णास शक्यतो देऊ नये. सायट्रेटला ही अडचण फारशी नाही. त्यामुळे आम्ही क्षार तोच ठेवला, आहारात वाटीभर दही वाढविले आणि दिवसभरात विभागून तीन गोळ्या सांगितल्या.

आता थोडे आपल्या घरचे. 'नैसर्गिक प्रवाळयुक्त, संपूर्ण शोषण' अशी वाक्ये आपल्याही दुकानांतील डब्यांवर दिसतात. प्रवाळ हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच आहे. अमेरिकेत २००३ मध्ये प्रवाळ कॅल्शियमने कर्करोग बरा होतो, अशी जाहिरात करणाऱ्यांवर तेथील संघीय व्यापार आयोगाने कारवाई केली. अम्लपित्तात प्रवाळपिष्टी आम्हीही देतो. परंतु २५० मि.ग्रॅ.च्या मात्रेत कॅल्शियम शंभराच्या वर जात नाही. तिला कॅल्शियमपूरक म्हणून विकणे हे ना शास्त्राला धरून, ना रुग्णाच्या हिताचे.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती की, डबी हाती देण्यापूर्वी ती उलटी करावी. मात्रा किती गोळ्यांची, क्षार कोणता आणि 'एलिमेंटल कॅल्शियम' किती, हे पाहावे. शेवटचा आकडा छापलेलाच नसेल, तर ती डबी फळीवर परत ठेवावी. आणि ग्राहक थायरॉईडची गोळी घेत असेल, तर दोहोंत चार तासांचे अंतर ठेवण्यास अवश्य सांगावे.