‘मला मदत कर’ की ‘माझी मदत कर’?

‘माझी मदत कर’ हे वाक्य पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या एका टिपणात थेट चूक ठरवले नाही, असा आक्षेप घेतला गेला आहे. त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. प्रमाण लेखनात काय लिहावे, हे आदेशात्मक व्याकरण सांगते. तिथे ‘मला मदत कर’ हेच योग्य, आणि अर्जात वा उत्तरपत्रिकेत तो आग्रह रास्तच आहे. वर्णनात्मक व्याकरण लोक काय बोलतात ते नोंदवून त्यामागची व्यवस्था शोधते. मराठीत ‘माझी स्तुती केली’, ‘माझी चेष्टा केली’ चालते. ‘मला फोन केला’, ‘मला विरोध केला’ यांत मात्र ‘मला’ लागते. ‘मदत’ आता काहींच्या बोलण्यात पहिल्या गटात सरकते आहे. हा हिंदीचा परिणाम असणे संभवते. पण ते सिद्ध करायला कोण, कुठे, कोणाशी असे बोलतो याच्या नोंदी हव्यात. नाशिकच्या बाजारात कान देऊनही त्या जमवता येतील.

वर्णन म्हणजे मोकाट सूट, हा समजही चुकीचा आहे. ‘मला’ म्हणणारा असो वा ‘माझी’ म्हणणारा, दोघेही ‘त्याने मदत केली’ असेच म्हणतात. ‘मदत केला’ कोणी म्हणत नाही. क्रियापद ‘मदत’ या स्त्रीलिंगी नामाप्रमाणे चालते, आणि हा नियम कोणाला शिकवावा लागत नाही.

— एक वाचक, नाशिक