आरओचे पाणी : कॅल्शियमची तूट कोणाला?

वाशीम जिल्हा काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकातून झिरपणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येते. बोअरचे असे पाणी जड लागते, म्हणून घरोघरी आरओचा जार येतो. आरओची मेम्ब्रेन मात्र इतर क्षारांबरोबर ही खनिजेही ९० टक्क्यांहून अधिक काढून टाकते.

समजा, बोअरच्या लिटरभर पाण्यात ८० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आहे. दोन लिटर पिणाऱ्याला दिवसाला १६० आणि ८० मिलिग्रॅम मिळत होते. आरओनंतर जेमतेम १६ आणि ८ उरतात. प्रौढाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. ही तूट कपभर दूध भरून काढते, मॅग्नेशियमची एक-दोन ज्वारीच्या भाकरी. पण जिथे दूध चहापुरतेच येते, तिथे ती रोज राहते. शरीर हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातले प्रमाण टिकवते, त्यामुळे ती लवकर कळतही नाही.

म्हणून सरसकट आरओ नको. मात्र पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल, तर आरओ उपयोगाचा आहे. टीडीएस मीटर हे दोन्ही वेगळे दाखवत नाही. आधी प्रयोगशाळेत पाणी तपासावे, मग यंत्र घ्यावे.