अहवालातली बेरीज आणि घरातला हिशेब

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घरात दोन जावा मिळून कोकणी स्वयंपाकाचा यूट्यूब चॅनेल चालवतात. मोठी रांधते आणि बोलते. धाकटी मोबाईलवर चित्रण करते, काटछाट करते आणि व्हिडिओ चढवते. येईल ते निम्मे-निम्मे, असे दोघींचे ठरलेले. मार्च 2025 हा जवळपास अख्खा रमजानचा महिना होता. त्या महिन्यात चॅनेल चांगला पाहिला गेला. एप्रिलअखेर धाकटीच्या बँक खात्यात 11,090 रुपये आले आणि तिने 5,545 रुपये मोठीच्या हातात ठेवले. त्याच आठवड्यात मोठीच्या मुलाने संगणकावर अहवाल उतरवून बेरीज मारली आणि म्हणाला, "अम्मी, कमाई तर 23,680 आहे. तुझा वाटा 11,840 होतो."

मोठी काही बोलली नाही, पण दोन दिवस चित्रणही झाले नाही. शेवटी धाकटीने तो अहवाल आमच्याकडे पाठवला आणि लिहिले, "भाभींना मी काय सांगू? मला स्वतःलाच हे रकाने कळत नाहीत." नावगाव न सांगण्याच्या अटीवर दोघींनी हा हिशेब इथे मांडायची परवानगी दिली आहे. असे चॅनेल आता आपल्या कितीतरी घरांत आहेत, म्हणून या महिन्याचे सदर त्यालाच देतो.

आधी अहवाल कुठून येतो ते पाहू. संगणकावर studio.youtube.com उघडून Analytics मध्ये जायचे, तिथे Advanced mode निवडायचे, वर महिना ठरवायचा आणि Date हा भाग उघडायचा. उजवीकडे वर खाली जाणाऱ्या बाणाचे चिन्ह असते. ते दाबून csv निवडले की एक झिप फाइल उतरते. तिच्यात तीन फाइली असतात. आपल्या कामाची Table data.csv. हिच्यात दर दिवसाची एक ओळ असते. ओळीत Views, Watch time (hours), Estimated revenue असे रकाने असतात. Average percentage viewed दिसत नसेल तर तक्त्यावरच्या अधिकच्या खुणेने तो जोडता येतो.

मुलाची चूक याच फाइलीच्या पहिल्या ओळीत होती. मथळ्यांच्या खाली लगेच पहिल्या तारखेची ओळ येत नाही. त्याआधी Total अशी एक ओळ असते आणि तिच्यात अख्ख्या महिन्याची बेरीज आधीच मांडलेली असते. मुलाने वरपासून खालपर्यंत सगळा रकाना निवडून बेरीज केली, म्हणजे 31 दिवसांचे 11,840 आणि त्यांचीच वरची बेरीज 11,840, दोन्ही मिळून 23,680. आपली बेरीज पहिल्या ओळीच्या बरोबर दुप्पट आली की हीच गफलत झाली, असे समजावे. Total ची ओळ सोडून तिच्या खालून बेरीज केली की आकडा जुळतो.

दुप्पट झालेला भाग असा गेला, तरी 11,840 आणि 11,090 यांत 750 रुपयांचा फरक उरतोच. त्यासाठी Estimated revenue हा रकाना नीट समजून घ्यावा लागतो. Estimated म्हणजे अंदाजे. यूट्यूबने स्वतःचा वाटा काढून घेतल्यानंतर आपल्या वाट्याला येणारी ही रक्कम असते, पण ती पक्की झालेली नसते. खोटी पाहणी किंवा जाहिरातींवरचे बनावट क्लिक सापडले, जाहिरातदाराशी काही वाद झाला, की ती खालीवर होते. पक्का आकडा पुढच्या महिन्याच्या 7 ते 12 तारखेदरम्यान AdSense for YouTube च्या खात्यात दिसतो. या दोघींचा तिथला आकडा 11,510 होता. म्हणजे 330 रुपये इथे गेले.

पुढची वजावट कराची. प्रेक्षक अमेरिकेत बसून व्हिडिओ पाहत असेल, तर त्या पाहणीतून झालेल्या कमाईवर अमेरिकेचा कर कापला जातो. भारतातल्या व्यक्तीने खात्यात कराची माहिती भरून दोन देशांतल्या कराराचा लाभ मागितला असेल तर तो 15 टक्के असतो. भारतातल्या किंवा आखातातल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर हा कर लागत नाही. या चॅनेलची अमेरिकेतून आलेली कमाई 1,200 रुपये होती, तिचे 15 टक्के म्हणजे 180. उरले 11,330. हे पैसे डॉलरमध्ये येतात आणि आपली बँक त्यांचे रुपये करते. बँकेचा दर आणि तिचे शुल्क यांत 240 रुपये गेले आणि खात्यावर 11,090 जमा झाले. या कुठल्याच वजावटीचा मागमूस उतरवलेल्या अहवालात नसतो, कारण तो बँकेपर्यंत पोहोचण्याआधीच थांबतो.

पैसे कधी येतात हेही घरात सगळ्यांना ठाऊक असावे. मार्चची कमाई एप्रिलच्या 21 ते 26 तारखेदरम्यान पाठवली जाते आणि तेही खात्यात किमान 100 डॉलर साठले असतील तरच. नाहीतर ती रक्कम पुढच्या महिन्यात मिळवली जाते. म्हणून एप्रिलमध्ये आलेले पैसे एप्रिलच्या अहवालाशी ताडून पाहिले तर ते कधीच जुळणार नाहीत.

आता तारखेचा रकाना. धाकटीने आम्हाला आणखी एक गोष्ट विचारली होती. ईदच्या सकाळी शीरखुर्म्याचा व्हिडिओ खूप पाहिला गेला, हे तिने मोबाईलवर डोळ्यांनी पाहिले होते. पण अहवालात 31 मार्चची, म्हणजे आपल्याकडच्या ईदच्या दिवसाची ओळ साधीच होती आणि 30 मार्चची ओळ फुगलेली होती. असे का?

अहवालातली तारीख आपल्या घड्याळाची नसते. ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर चालते, चॅनेल कुठलाही असो. तिथे मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे दुपार असते. हिवाळ्यात दीड वाजलेले असतात. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात, आणि मग नोव्हेंबरपर्यंत साडेबारा. म्हणजे 31 मार्चला आपल्याकडे दुपारी साडेबारापर्यंत जे पाहिले गेले ते सगळे 30 मार्चच्या ओळीत पडले. लोकांनी शीरखुर्मा पाहून केला, खाल्ला आणि पाहुण्यांनाही वाढला. पण अहवालाच्या लेखी ईद उजाडायचीच होती. म्हणून सकाळी दहाला चढवलेल्या व्हिडिओची पहिल्या काही तासांतली पाहणी आदल्या तारखेला शोधावी. आणि एखाद्या दिवसाविषयी मत बनवायचे तर त्याच्या शेजारची ओळही पाहावी. तसेच कमाईचे आकडे साधारण दोन दिवस उशिरा भरतात. महिना संपायच्या आत अहवाल उतरवला तर शेवटच्या एकदोन तारखांची कमाई रिकामी किंवा शून्य दिसते. ती घसरण नव्हे.

उरले दोन रकाने, आणि त्यांच्यावरूनही या घरात मतभेद होता. धाकटीचे म्हणणे, बिर्याणीसारखे लांब व्हिडिओ बंद करू, कारण लोक ते पुरते पाहत नाहीत. सांदणासारखे छोटेच करू. तिचा आधार होता Average percentage viewed, म्हणजे प्रेक्षकाने सरासरीने व्हिडिओचा किती टक्के भाग पाहिला. सांदणाला 65 टक्के होते आणि बिर्याणीला 32.

आम्ही तिला Watch time (hours) हा रकाना शेजारी ठेवायला सांगितला. सगळ्या प्रेक्षकांनी मिळून एकूण किती तास पाहिले, ते हा रकाना सांगतो. दोन्ही व्हिडिओ 4,000 वेळा पाहिले गेले होते. सांदणाचा व्हिडिओ 3 मिनिटांचा, त्याचे एकूण 130 तास झाले. तासांची मिनिटे केली तर 7,800. त्यांना 4,000 ने भागले की एका पाहणीला 1 मिनिट 57 सेकंद येतात. तीन मिनिटांतले तेवढे म्हणजे 65 टक्के. बिर्याणीचा व्हिडिओ 15 मिनिटांचा, त्याचे 320 तास झाले. मिनिटे 19,200, एका पाहणीला 4 मिनिटे 48 सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटांतले 32 टक्के. टक्के निम्म्याहून कमी, पण तितक्याच पाहण्यांत बिर्याणीजवळ लोक अडीचपट वेळ बसले होते. शिवाय 8 मिनिटांहून कमी लांबीच्या व्हिडिओला मध्ये जाहिरात ठेवता येत नाही, लांबला येते. अहवाल Date ऐवजी Content या भागातून उतरवला की दर व्हिडिओची वेगळी ओळ मिळते. त्यात बिर्याणीची कमाईही सांदणापेक्षा जास्त होती.

टक्क्यांचा रकाना तुलनेला चालतो, पण एकाच लांबीच्या व्हिडिओंत. 15 मिनिटांच्या दोन बिर्याण्यांत एकीला 32 आणि दुसरीला 21 असतील तर दुसरीत काही बिघडले आहे. नेमके कुठे, ते या तक्त्यात सापडत नाही. त्यासाठी स्टुडिओत त्या व्हिडिओच्या पानावरचा प्रेक्षक कुठे गळाले ते दाखवणारा आलेख पाहावा लागतो. आणि तासांच्या किंवा रुपयांच्या रकान्यासारखी टक्क्यांची बेरीज करून 31 ने भागू नये. एखाद्या दिवशी 40 लोकांनी पाहिले आणि दुसऱ्या दिवशी 4,000 लोकांनी, तर दोन्ही दिवसांचे टक्के सारख्या वजनाचे नसतात. महिन्याची खरी सरासरी Total च्या ओळीत तयार असते, ती घ्यावी.

हा सगळा हिशेब आम्ही कागदावर मांडून पाठवला. त्या घरात आता एक वही आहे. तिच्यात दर महिन्याला तीन आकडे लिहिले जातात: अहवालातला अंदाज, AdSense मधला पक्का आकडा आणि बँकेत जमा झालेली रक्कम. वाटणी फक्त तिसऱ्या आकड्याची होते आणि वही मोठीकडे असते. लिहायचे काम त्याच मुलाला दिले आहे. मागच्या वेळी बँकेत अंदाजापेक्षा कमी आले तेव्हा, धाकटी लिहिते, भाभींनीच विचारले, "या महिन्यात अमेरिकेतून जास्त पाहिलं का गं कुणी?"