टोमॅटो वगळून मोजलेली महागाई

जुलै २०२३ मध्ये आमच्या घरी टोमॅटो मोजून आणले जात होते. किलोचा भाव शंभर रुपयांच्या वर गेला होता आणि काही शहरांत तर तो दोनशेच्या घरात होता. अम्मींनी सालनासाठी चिंच आणि दही काढले. त्याच दिवसांत वर्तमानपत्रांत अर्थतज्ज्ञ लिहीत होते की 'कोअर महागाई' हळूहळू उतरत आहे. ते वाचून दाखवल्यावर अम्मींनी विचारले, "कोअर म्हणजे काय?" आम्ही सांगितले, अन्न आणि इंधन सोडून बाकीची महागाई. त्यावर त्या म्हणाल्या, "मग हे लोक जेवत नाहीत का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून या महिन्यात त्याचाच हिशेब मांडू या.

सरकार दर महिन्याला किरकोळ महागाईचा आकडा जाहीर करते. त्यासाठी कुटुंबाच्या खर्चाची एक टोपली धरतात. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत या टोपलीतील सुमारे ४६ टक्के वाटा खाण्यापिण्याचा होता आणि जवळजवळ ७ टक्के गॅस, वीज, रॉकेल, सरपण यांचा. उरलेले सुमारे ४७ टक्के म्हणजे कपडे, घरभाडे, शिक्षण, औषधपाणी, प्रवास वगैरे. पूर्ण टोपली गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा किती महागली, ती 'हेडलाइन' महागाई. अन्न आणि इंधन बाजूला काढून उरलेली टोपली किती महागली, ती 'कोअर' महागाई.

जुलै २०२३ मध्ये हेडलाइन महागाई ७.४४ टक्के होती. अन्नधान्य-भाजीपाल्याची महागाई साडेअकरा टक्के आणि एकट्या भाज्यांची ३७ टक्क्यांच्या वर. कोअर मात्र पाच टक्क्यांच्या आसपास. एकाच देशाचे, एकाच महिन्याचे हे दोन आकडे.

आता तज्ज्ञ टोमॅटो बाजूला का ठेवतात ते पाहू. त्या वर्षी मे महिन्यात महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांना टोमॅटोला इतका कमी भाव मिळाला की त्यांनी पीक फेकून दिले. पुढे आवक घटली, त्यात हवामानाने साथ दिली नाही आणि भाव भडकले. चढे भाव पाहून पुन्हा लागवड झाली. रोप लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत टोमॅटो तोडणीला येतो. सप्टेंबरपर्यंत भाव एवढे कोसळले की शेतकरी पुन्हा रडकुंडीला आले. त्या महिन्यात हेडलाइन महागाई ५ टक्क्यांच्या जवळ उतरली.

रिझर्व्ह बँकेच्या हातात व्याजदर आहे. दर वाढवला की कर्ज महागते, लोक घर, गाडी, धंद्याचा विस्तार पुढे ढकलतात, मागणी थंडावते आणि मग किमती स्थिरावतात. याला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. व्याज वाढवून शेतात टोमॅटो पिकत नाही. बँकेने जुलैच्या टोमॅटोसाठी व्याज वाढवले असते, तर त्याचा मार बसेपर्यंत टोमॅटो स्वस्त होऊन गेलेले असते आणि हप्ते मात्र विनाकारण वाढले असते. म्हणून बँकेने ऑगस्टमध्ये रेपो दर ६.५ टक्क्यांवरच ठेवला. कोअर आकडा अशा वेळी उपयोगी पडतो. भाव केवळ मंडईत चढले आहेत की दवाखाना, शाळा, कपडे सगळीकडे चढत आहेत, हे तो सांगतो.

इथपर्यंत तज्ज्ञांचे म्हणणे बरोबर आहे. पण त्यामागे एक गृहीत आहे, की भाव चढला तसा उतरेल. टोमॅटो उतरले, पण अन्नाची महागाई उतरली नाही. कांदा, डाळी, बटाटे यांनी पाळी घेतली. नोव्हेंबर २०२३ पासून जून २०२४ पर्यंत दर महिन्याला अन्नाची महागाई आठ टक्क्यांच्या वरच राहिली. कोअर मात्र उतरत उतरत तीन टक्क्यांच्या जवळ आली. आठ महिने चाललेल्या गोष्टीला तात्पुरती म्हणायचे का?

जुलै २०२४ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत असा विचार मांडला गेला की रिझर्व्ह बँकेचे लक्ष्य अन्न वगळून ठरवावे. सध्याचे लक्ष्य पूर्ण टोपलीवर आहे: ४ टक्के, दोन टक्के वर किंवा खाली. पुढच्याच महिन्यात गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी सांगितले की अन्नाचा वाटा एवढा मोठा असताना टिकून राहिलेल्या अन्नमहागाईकडे डोळेझाक करता येत नाही. कारण सरळ आहे. जेवण महाग राहिले की मजूर जास्त मजुरी मागतो, खानावळवाला थाळीचा दर वाढवतो, आणि मंडईतली महागाई कोअरमध्ये शिरते.

कोअरमध्ये आणखी एक गंमत आहे. त्यात सोने येते, आणि पेट्रोलही, कारण ते इंधनात नव्हे तर प्रवासखर्चात मोजले जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भाज्या आणि डाळी स्वस्त झाल्यामुळे हेडलाइन महागाई अवघी पाव टक्का होती, पण कोअर चार टक्क्यांच्या वर होती, आणि त्यात सोन्याच्या भावाचा हात मोठा होता. म्हणजे कोअर हा काही गाळून शुद्ध केलेला आकडा नव्हे. त्यात काय आहे हे पाहावेच लागते.

आता घरचा हिशेब. समजा एका घरचा महिन्याचा खर्च वीस हजार आहे: दहा हजार अन्नावर, दीड हजार गॅस-विजेवर, साडेआठ हजार इतर. वर्षभरात अन्न ११ टक्के, इंधन ४ टक्के आणि इतर खर्च ५ टक्के वाढला. म्हणजे अनुक्रमे ११००, ६० आणि ४२५ रुपये; एकूण १५८५. त्या घराची महागाई जवळजवळ ८ टक्के झाली. मालकाने कोअरकडे बोट दाखवून पगारात ५ टक्के, म्हणजे हजार रुपये वाढवले, तर दर महिन्याला ५८५ रुपये कमी पडतील. ते बहुधा दूध, फळे आणि गोश्त यांतूनच कापले जातील.

उत्पन्न जितके कमी तितका अन्नाचा वाटा मोठा. त्याच सरकारी टोपलीत ग्रामीण भागासाठी अन्नाचा वाटा ५४ टक्के आणि शहरांसाठी ३६ टक्के धरलेला होता. म्हणून कोअर आकडा व्याजदराच्या चर्चेसाठी ठेवावा. कर्जाचे हप्ते पुढे वाढतील की उतरतील याचा अंदाज घ्यायला तो कामाचा आहे. पगार, मजुरी, भत्ता यांची बोलणी हेडलाइनवरच व्हावीत, आणि कमी उत्पन्नाच्या माणसासाठी तर अन्नाच्या महागाईचा आकडाही जवळ ठेवावा.

अम्मींना आम्ही हे सारे समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मजुरी कोणत्या आकड्याने वाढवायची?" वर्षापूर्वी ठरलेली मजुरी आम्ही तशीच देत होतो. त्या महिन्यापासून ती वाढवली, आणि हिशेब हेडलाइनचाही नव्हे, अन्नाचा धरला.