दाढ काढायची म्हणून स्टेरॉइडची गोळी बंद करू नका!

मंडळी, आज थोडं रागाने लिहितोय. हा राग कुणा एका माणसावर नाही, एका सल्ल्यावर आहे. "दाढ काढायची आहे ना, मग चार दिवस आधी त्या स्टेरॉइडच्या गोळ्या बंद करा." हा सल्ला शेजारी देतात, नातेवाईक देतात, कधी औषधाच्या दुकानातला पोरगा देतो, आणि सांगायला लाज वाटते, पण कधीकधी आमच्यातलेही कुणी देतात. ऐकायला शहाणपणाचा वाटतो, आणि म्हणूनच तो इतका पसरला आहे.

एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत.

मखमलाबादच्या बाजूच्या एक आजी. वय साठीच्या पुढे, बोटांचा संधिवात, आणि सहा वर्षांपासून रोज सकाळी प्रेडनिसोलोन साडेसात मिलिग्रॅम, म्हणजे पाचाची दीड गोळी. खालची दाढ किडली, मुळाशी पू झाला, गाल सुजला. गुरुवारी दाढ काढायचं ठरलं. घरात कुणीतरी म्हणालं की स्टेरॉइडने जखम भरत नाही, म्हणून सोमवारपासून गोळी बंद. तोंड दुखत असल्याने जेवणही निम्म्यावर आलं होतं.

गुरुवारी दाढ छान निघाली. रक्त थांबलं, टाका घातला, आजी रिक्षाने घरी गेल्या. संध्याकाळी मळमळ, मग उलट्या. घरच्यांना वाटलं अँटिबायोटिक पोटाला लागलं. रात्री लघवीला उठल्या तर डोळ्यांपुढे अंधारी येऊन भिंतीला धरून बसल्या. घरच्यांना वाटलं अशक्तपणा आहे. शुक्रवारी सकाळी मुलगा माझ्याकडे घेऊन आला तेव्हा बीपी ८०/५० होतं, नाडी ११६, साखर ६२, आणि नंतर आलेल्या रिपोर्टमध्ये सोडियम १२६. दाढेची जागा मात्र अगदी स्वच्छ होती.

"आजी, संधिवाताची गोळी घेतली का आज?"

"नाही ना डॉक्टर, दाढ काढायची होती ना. सोमवारपासनं बंदच केली."

निदान या एका वाक्यात होतं. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं, सोबत सलाईन आणि ग्लुकोज, आणि लगेच दाखल केलं. दुपारपर्यंत आजी उठून बसल्या आणि चहा मागू लागल्या. हा चमत्कार नव्हे. शरीराला जे हवं होतं तेवढंच त्याला परत मिळालं.

आता हे का झालं ते बघू. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी ग्रंथी असते, अ‍ॅड्रिनल. ती रोज साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनवते. ताप आला, अपघात झाला, मोठं ऑपरेशन झालं की ती हे उत्पादन कित्येक पटींनी वाढवते, आणि त्यामुळेच बीपी आणि साखर टिकून राहतात. ग्रंथीला हा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीकडून येतो. प्रेडनिसोलोन म्हणजे याच कॉर्टिसॉलचा जोरदार भाऊ. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे जवळपास ग्रंथीच्या दिवसभराच्या कामाइतकं असतं.

गावात रोज टँकर येऊ लागला की विहिरीकडे कुणी बघत नाही. गाळ साचतो, मोटार गंजते. इथे तसंच होतं. बाहेरून पुरवठा होतोय म्हटल्यावर पिट्युटरी हुकूम देणं थांबवते, आणि हुकूम नाही म्हणून ग्रंथी आक्रसते. मग एक दिवस टँकर बंद केला तर विहीर त्याच दिवशी भरत नाही. कित्येकदा महिने लागतात, काहींना वर्षही लागतं.

म्हणून "चार दिवस आधी बंद करा" या सल्ल्यातली खोट लक्षात घ्या. स्टेरॉइडने जखम उशिरा भरते आणि जंतुसंसर्ग लवकर होतो, हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण सहा वर्षांचा तो परिणाम चार दिवसांत पुसला जात नाही. जखम जशी भरायची तशीच भरते. चार दिवसांत नाहीसा होतो तो फक्त शरीराचा आधार, आणि तोही नेमका त्याची सर्वांत जास्त गरज असताना. फायदा शून्य आणि धोका पुरेपूर.

हे काही नवं ज्ञान नाही. संधिवातावर कॉर्टिसोन पहिल्यांदा १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये दिलं गेलं आणि १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. पुढच्या दोनच वर्षांत, १९५२ मध्ये, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एका रुग्णाची हकीकत छापून आली. कॉर्टिसोन घेणारा संधिवाताचा तरुण रुग्ण खुब्याच्या ऑपरेशननंतर शॉकमध्ये गेला तो परत आलाच नाही, आणि शवविच्छेदनात अ‍ॅड्रिनल ग्रंथी आक्रसलेल्या सापडल्या. म्हणजे सत्तर वर्षांहून जास्त काळ आम्हाला हे माहीत आहे. तरी पंचवटीतल्या आजींपर्यंत ते पोचलेलं नाही.

याचा दोष फक्त शेजाऱ्यापाजाऱ्यांना देऊन मी मोकळा होणार नाही. दाताचे डॉक्टर रुग्णाला "फिजिशियनची चिठ्ठी आणा" म्हणतात, आणि आम्ही बीपी-साखर बघून "फिट फॉर एक्स्ट्रॅक्शन" एवढंच लिहून देतो. मीही पूर्वी कितीतरी लिहिल्या आहेत अशा चिठ्ठ्या. त्यात गोळी चालू ठेवायची की वाढवायची, उलटी झाली तर काय करायचं, याचा एक शब्द नसतो. अशी चिठ्ठी काही उपयोगाची नाही. तुम्हाला कुणी दिली तर परत करा आणि नीट लिहून मागा.

दुसरं टोकही आहे. दात साफ करायचे असले तरी काही जण सवयीने गोळी दुप्पट करतात. त्याचीही गरज नसते. साफसफाई, दातात सिमेंट भरणं, जागा बधीर करून एखादी साधी दाढ काढणं, यासाठी त्या दिवशीची नेहमीची गोळी वेळेवर घेतलेली असली तर बहुतेकांना तेवढं पुरतं. बधीर करण्याचं इंजेक्शन नीट लागलं की दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जातच नाही. शरीराची खरी मागणी वाढते ती पुढच्या काही तासांत, बधिरपणा उतरून ठणका सुरू होतो तेव्हा. म्हणून वेदनाशामक ठणका सुरू व्हायच्या आधीच घ्यायचं. ते शक्यतो पॅरासिटामॉल असावं, कारण स्टेरॉइडबरोबर ब्रुफेन-डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेतल्या की पोटात अल्सर होऊन रक्तस्राव व्हायची भीती वाढते.

डोस वाढवायचा प्रश्न येतो तो वेगळ्या वेळी. पू होऊन ताप आलेला असेल, हाड कोरून अक्कलदाढ काढायची असेल, एका बैठकीत पुष्कळ दाढा काढायच्या असतील, तेव्हा कमी डोसवर असलेल्या रुग्णाला आम्ही एक-दोन दिवस गोळी साधारण दुप्पट करायला सांगतो. आधीच १० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन चालू असेल तर बहुधा तेवढ्यात भागतं. पूर्ण भूल द्यायची असेल तर भुलेच्या वेळीच हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून द्यावं लागतं, तो भाग भूलतज्ज्ञ बघतात. आजींच्या बाबतीत दाढ काढण्यापेक्षा तो पू हाच शरीरावर मोठा ताण होता, हे लक्षात ठेवा. हे सगळं आधी तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, स्वतःच्या मनाने गोळ्या वाढवू नका.

"पण डॉक्टर, मी स्टेरॉइड घेतच नाही," असं म्हणणारे मला सगळ्यांत जास्त घाबरवतात. पिशवीतून पाकीट काढायला लावलं की त्यात डेक्सामिथासोन किंवा बीटामिथासोन निघतं. अर्ध्या मिलिग्रॅमची एवढीशी गोळी, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण अशा दोन गोळ्या रोज म्हणजे सहा-सात मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन झालं! दम्याच्या, सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या हा तर वेगळाच विषय. पुडी खाल्ली की दोन दिवसांत सगळं दुखणं गायब, चेहरा गोल, भूक वाढलेली, आणि पुडी चुकली की अंथरुणातून उठवत नाही, असं असेल तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची दाट शंका घ्या आणि दाढ काढण्याआधी ती पुडी डॉक्टरांना दाखवा. साधारण तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ रोज ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रेडनिसोलोनइतकं स्टेरॉइड पोटात गेलं असेल, तर ते गेल्या वर्षभरात बंद झालेलं असलं तरी सांगायचं.

दाताच्या दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळची वेळ घ्या. नाश्ता करून, गोळी घेऊन जा. सोबत कुणीतरी असू द्या आणि गोळीचं पाकीट बरोबर ठेवा. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर पुन्हा घ्या, आणि तीही टिकली नाही तर "सकाळी बघू" म्हणू नका. तेव्हा इंजेक्शनच लागतं.

खुर्चीत घाबरून चक्कर येणं निराळं. आडवं करून पाय वर धरले की तो माणूस पाच-दहा मिनिटांत बोलू लागतो. आम्हाला भीती असते ती काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी येणाऱ्या त्रासाची. थांबत नाहीत अशा उलट्या, उभं राहिलं की अंधारी, पोटात दुखणं, दाढेच्या मानाने फार जास्त गळून जाणं, झोपाळू होणं, आणि नुसत्या सलाईनने वर न येणारं बीपी. असं झालं तर रुग्णालयात शिरताना पहिलं वाक्य हेच बोला: "ह्यांना इतकी वर्षं स्टेरॉइडची गोळी चालू आहे आणि अमुक दिवसापासून पोटात गेलेली नाही."

इंग्लंडमध्ये २०२० पासून अशा रुग्णांना खिशात ठेवायचं कार्ड देतात. आपण कार्डाची वाट कशाला बघायची? फाइलच्या पहिल्या पानावर लिहून डॉक्टरांची सही घ्या: "मी प्रेडनिसोलोन ___ मि.ग्रॅ. रोज, ___ वर्षांपासून घेतो/घेते. अचानक बंद करू नये. उलट्या किंवा बीपी कमी झाल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मि.ग्रॅ. शिरेतून किंवा स्नायूत त्वरित द्यावे." मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि मुलांनाही पाठवा.

आजींच्या आणखी दोन दाढा तीन महिन्यांनी काढाव्या लागल्या. एकदा फटका बसलेला असल्याने त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी दीडाच्या तीन गोळ्या केल्या, तिसऱ्या दिवशी परत दीड. दाताच्या डॉक्टरांना मी स्वतः फोन केला, त्यांनी काढण्याआधी आणि नंतर बीपी मोजलं. संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी जरा दचकूनच उचलला. आजींना विचारायचं होतं की आज खिचडी खाल्ली तर चालेल का.