बीटी वांगं: जो प्रयोग व्हायला हवा होता

जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्याला जीईएसी या केंद्रीय समितीने ऑक्टोबर 2009 मध्ये मान्यता दिली. चार महिन्यांनी, 9 फेब्रुवारी 2010 रोजी, तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तिला स्थगिती दिली. त्याआधी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या होत्या. स्वतंत्र अभ्यासातून या वांग्याची दीर्घकालीन सुरक्षितता पटेपर्यंत थांबावं, असं निर्णयात म्हटलं होतं. थांबणं झालं. अभ्यास मात्र सरकारने उभा केला नाही.

या वांग्याची तपासणी कशी झाली, ते आधी पाहू. त्यात मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेलं आहे. त्यामुळे झाडात क्राय1एसी नावाचं प्रथिन तयार होतं आणि शेंडा व फळ पोखरणारी अळी मरते. अळीच्या आतड्यातलं वातावरण अल्कधर्मी असतं आणि या प्रथिनाला चिकटायला लागणारे ग्राहक तिथल्या पेशींवर असतात. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि ते ग्राहक नसतात. म्हणून पहिली तपासणी प्रथिनाची होते: कृत्रिम जठररसात ते किती लवकर पचतं, त्याची रचना एखाद्या ज्ञात ॲलर्जीकारक प्रथिनाशी जुळते का, ते शुद्ध स्वरूपात भरपूर मात्रेत दिल्यावर प्राण्यांना काही होतं का. दुसरी तपासणी अख्ख्या वांग्याची असते. पोषकद्रव्यं आणि वांग्यात मुळातच असलेली विषारी अल्कलॉइड यांचं प्रमाण साध्या वाणाइतकंच आहे का, हे त्यात मोजतात. शेवटी उंदरांना 90 दिवस ते खाऊ घालून रक्त, यकृत, मूत्रपिंड तपासतात.

ही चाळणी निकामी नाही. ब्राझील नटमधलं जनुक घातलेलं सोयाबीन त्या नटची ॲलर्जी असलेल्यांना बाधेल, हे 1996 मध्ये प्रयोगशाळेतच कळलं आणि ते सोयाबीन बाजारात आलंच नाही. पण तिच्या मर्यादाही खऱ्या आहेत. एखादं रसायन तपासताना माणसाच्या वाट्याला येणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट मात्रा उंदराला देता येते. वांगं तसं देता येत नाही. आहारात वांगंच वांगं झालं की पोषण बिघडतं, आणि दिसलेला फरक जनुकाचा की कुपोषणाचा ते कळत नाही. त्यामुळे अख्ख्या अन्नाची चाचणी सौम्य परिणाम पकडायला मुळातच कमकुवत असते.

महिकोच्या अहवालांवरून वाद पेटला तो नेमका इथे. माहिती अधिकाराच्या लढ्यानंतर ते अहवाल खुले झाले. फ्रान्सचे जिल-एरिक सेरालिनी यांनी 2009 मध्ये त्यांची छाननी केली आणि बीटी वांगं खाल्लेल्या प्राण्यांच्या रक्तातले काही फरक दाखवले. समितीच्या तज्ज्ञांनी ते नेहमीच्या मर्यादेतले ठरवले. असे फरक कसे वाचायचे हे इथे कळीचं आहे. एका चाचणीत पन्नासेक मोजमापं घेतली आणि नेहमीचा पाच टक्क्यांचा निकष लावला, तर कसलाही परिणाम नसतानाही दोन-तीन फरक केवळ योगायोगाने दिसतात. म्हणून पुढचे प्रश्न विचारावे लागतात. मात्रा वाढवली की फरक वाढतो का? नर आणि मादी दोघांत दिसतो का? यकृताशी संबंधित रक्तघटक वाढला असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली यकृतही बिघडलेलं दिसतं का? उत्तरं नाही अशी येत गेली, तर तो फरक इजा मानत नाहीत. हा तर्क मला पटतो. पण मूळ चाचणी कंपनीच्या खर्चाने झाली होती आणि आकडे झगडून मिळवावे लागले होते. अशा वेळी तर्क कितीही बरोबर असला तरी लोकांचा विश्वास बसत नाही, आणि त्यासाठी लोकांना दोष देता येणार नाही.

पुढे याच सेरालिनींनी युरोपला हादरवलं. तणनाशक सहन करणारा एनके603 मका दोन वर्षं खाल्लेल्या उंदरांमध्ये मोठ्या गाठी झाल्याचं त्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलं. छायाचित्रं जगभर फिरली. प्रयोगात मात्र मोठी खोट होती. 200 उंदीर वीस गटांत विभागले होते, म्हणजे गटात दहाच. शिवाय ही जात अशी, की दोन वर्षांच्या वयापर्यंत तिच्यात आपोआपच गाठी होण्याचं प्रमाण खूप असतं. तुलनेसाठी दहा नर आणि दहा माद्या एवढेच असतील, तर मका आणि योगायोग वेगळे काढता येत नाहीत. 2013 च्या अखेरीस नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. निष्कर्षाला आधार अपुरा होता. लबाडी सापडली नाही, असंही संपादकांनी नोंदवलं. 2014 मध्ये तो दुसऱ्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला आणि वाद तसाच राहिला.

मग युरोपीय संघाने जे केलं, ते आपण केलं नाही. त्यांनी सार्वजनिक पैशातून तोच मका पुन्हा तपासला. दोन वर्षांच्या चाचणीत प्रत्येक गटात नर आणि मादी पन्नास-पन्नास ठेवले, मका तणनाशक फवारलेला आणि न फवारलेला असा दोन्ही घेतला, आणि आराखड्यावर टीकाकारांनाही मत देऊ दिलं. 2019 मध्ये निष्कर्ष आले: आरोग्याला बाधक परिणाम आढळला नाही.

माणसांबद्दलचा पुरावा याहून ढोबळ आहे, हे मान्य करायला हवं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2016 च्या अहवालात उत्तर अमेरिका आणि पश्चिम युरोप यांची तुलना केली. एकीकडे 1996 पासून अशी पिकं आहारात आहेत, दुसरीकडे जवळपास नाहीत. कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार, लठ्ठपणा यांच्या वाढीत या पिकांकडे बोट दाखवणारा फरक सापडला नाही. मोठा परिणाम असता तर अशा तुलनेत तो दिसायला हवा होता. पण कोणी किती खाल्लं याची नोंद तिथे नसल्याने, लहान परिणाम तिच्यात लपू शकतो. शिवाय मक्याचा निर्वाळा वांग्याला आपोआप लागू होत नाही. प्रत्येक जनुक, प्रत्येक पीक वेगळं तपासावं लागतं.

तरीही तराजूत दुसरं पारडं आहेच. बांगलादेशाने 2013 मध्ये हेच बीटी वांगं स्वीकारलं. तिथे सुमारे 1200 शेतकऱ्यांत चिठ्ठ्या टाकून गट पाडून जो अभ्यास झाला, त्यात कीटकनाशकावरचा खर्च जवळपास निम्म्याने घटला आणि फवारणीनंतर त्रास झाल्याचं सांगणारेही कमी झाले. यवतमाळमध्ये 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती कपाशीही बीटीच होती, म्हणजे जनुक घातलं की फवारणी कायमची सुटते असंही नाही. पण वांग्यावरच्या विषाचा हिशेब न मांडता केवळ जनुकाच्या संशयावर थांबणं म्हणजे अर्धाच धोका मोजणं.

माझं मत असं: उपलब्ध पुरावा बीटी वांग्याच्या बाजूने झुकतो, पण 2010 मध्ये मागितलेली स्वतंत्र चाचणी आजही आवश्यक आहे. ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देखरेखीखाली सरकारी पैशातून व्हावी. उंदरांची संख्या आणि निकष आधी जाहीर करावेत, विरोधकांना आराखड्यात घ्यावं आणि प्रत्येक उंदराचे आकडे खुले करावेत. अशा चाचणीला तीन-चार वर्षं पुरतात. इकडे विदर्भात तणनाशक सहन करणारं कपाशीचं बेकायदा बियाणं हंगामामागून हंगाम पेरलं जातं आहे, आणि त्याची सरकी तेलाच्या घाण्यात व जनावरांच्या पेंडीत जाते. त्या बियाण्याला कोणतीच सरकारी मान्यता नाही.